शीटमध्ये कर्जाचा हप्ता जुळत नाही, जादा भरलेले पैसे दिसत नाहीत: नेमकं कुठं चुकतं?

कळंबा रोडला फ्लॅट घेतलाय असं धरू. कर्ज २५ लाख, व्याजदर ८.५ टक्के, मुदत २० वर्षं, पहिला हप्ता एप्रिल २०२४ चा. मंजुरीपत्रावर हप्ता २१,६९६ रुपये छापलाय. तोच हिशेब शीटमध्ये मांडला की कुणाला उणे २१,६९५.५८ येतं, कुणाला २ लाख १२ हजार ५००, कुणाला १७ लाखांच्या वर, आणि कुणाला चक्क उणे २२ पैसे.

खटपट करून हप्ता जुळला की दुसरी तक्रार सुरू होते. मार्चमध्ये उसाचं बिल आलं, त्यातले २ लाख कर्जात भरले, पण शीटमधला हप्ता जागचा हलत नाही. एकूण व्याजही तेवढंच दिसतं. मग पैसे भरून उपयोग काय झाला?

या दोन तक्रारी पुन्हा पुन्हा येतात आणि दोन्हींची कारणं वेगळी आहेत. आधी हप्त्याचं बघू. खालची सगळी सूत्रं एक्सेल आणि गूगल शीट्स दोन्हींत चालतात.

चुकीचं उत्तरच चूक सांगतं

हप्ता काढायचं सूत्र `PMT`. त्याला तीन गोष्टी लागतात: एका हप्त्याच्या काळाचा व्याजदर, हप्त्यांची संख्या आणि कर्जाची रक्कम. तिन्ही गोष्टी महिन्याच्या मापात पाहिजेत. सूत्रातच आकडे कोंबण्यापेक्षा ते वेगळ्या सेलमध्ये ठेवा, म्हणजे चूक डोळ्यांना दिसते. `B1` मध्ये `2500000`, `B2` मध्ये `8.5%`, `B3` मध्ये `20`. सेलमध्ये आकडे इंग्रजी टाइप करा, आणि हाताने स्वल्पविराम देऊ नका. `B4` मध्ये:

```
=ROUNDUP(-PMT(B2/12,B3*12,B1),0)
```

उत्तर २१६९६ आलं तर पुढच्या भागाकडे जा. नसेल आलं, तर काय आलं ते बघा. प्रत्येक चुकीचा आकडा ठरलेला असतो. खालचे आकडे नुसत्या `PMT` चे आहेत, `ROUNDUP` असेल तर ते पुढच्या पूर्ण रुपयावर गेलेले दिसतील.

उणे २१,६९५.५८, तेही लाल अक्षरात: ही चूक नव्हे. सूत्राच्या लेखी पैसे कुठल्या दिशेने जातात त्यावर चिन्ह ठरतं. कर्ज तुमच्या हातात आलं म्हणून ते अधिक, हप्ता हातातून जातो म्हणून तो उणे. `PMT` च्या आधी उणे चिन्ह लावलं की झालं. बरेच जण त्याऐवजी `B1` मध्येच कर्ज उणे करून ठेवतात. हप्ता त्यानेही सरळ होतो, पण एकूण व्याज काढताना तेच अंगलट येतं. ते पुढे येईलच.

२,१२,५००: दराला १२ ने भागायचं राहिलं. शीटला वाटलं, दर महिन्याला ८.५ टक्के व्याज आहे. २५ लाखांचे ८.५ टक्के म्हणजे बरोबर २,१२,५००. अशा दराने २४० हप्त्यांत मुद्दल फिटायला प्रत्येक हप्त्यात पैशाचाही दहावा भाग जादा लागत नाही, म्हणून आकडा इतका गोल दिसतो.

१,३४,५०५ च्या आसपास: इथे दराला भागलंय, पण वर्षांना १२ ने गुणलेलं नाही. २० वर्षांऐवजी २० महिन्यांत कर्ज फेडायचा हप्ता आलाय.

१७,७०,८३३: `B2` मध्ये टक्क्याचं चिन्ह नाही, नुसतं `8.5` आहे. शीटच्या दृष्टीने ते ८५० टक्के. सेल निवडून वरच्या पट्टीतलं `%` दाबून बघा. तिथं `850%` दिसलं की खात्री पटेल. मग सेल पुसून `8.5%` असं चिन्हासकट पुन्हा टाइप करा.

आणि आता ते २२ पैसे. ही खास आपल्याकडची चूक आहे, आणि ती पकडायला सगळ्यांत जास्त वेळ जातो. सूत्र असं लिहिलेलं असतं:

```
=PMT(8.5%/12,240,25,00,000)
```

माणूस वाचताना पंचवीस लाख वाचतो. शीट मात्र प्रत्येक स्वल्पविरामाला नवी माहिती सुरू झाली असं समजते. `PMT` ला तीन सक्तीच्या आणि दोन ऐच्छिक अशा पाच गोष्टी देता येतात, आणि इथं मोजून पाच झाल्या: दर, २४०, मग कर्ज २५ रुपये, शेवटी उरायची रक्कम ००, आणि हप्ता महिन्याच्या शेवटी हे सांगणारं ०००. सगळं नियमात बसलं, म्हणून कुठलीही चूक न दाखवता शीटने २५ रुपयांच्या कर्जाचा हप्ता काढून दिला. सव्वा कोटीचं कर्ज असंच स्वल्पविराम देऊन लिहिलं असतं तर सहा तुकडे पडले असते आणि शीटने लगेच हरकत घेतली असती. लाखाच्या आकड्यांत ती गप्प राहते, हाच धोका.

तरीही बँकेशी जुळत नाही

फरक रुपयाच्या आतला असेल तर सोडून द्या. बहुतेक ठिकाणी हप्ता पुढच्या पूर्ण रुपयावर नेतात. वरच्या सूत्रात `ROUNDUP` त्यासाठीच आहे. दर महिन्याला हे ४२ पैसे जादा जातात, त्यामुळे शेवटचा हप्ता अडीचशे-पावणेतीनशे रुपयांनी कमी भरतो. बँकेने काही लपवलंय असा त्याचा अर्थ नाही.

फरक शेकड्यांत असेल आणि कर्ज घराचं नसून गाडीचं किंवा एखाद्या पतसंस्थेचं असेल, तर व्याज ‘फ्लॅट’ आहे का ते विचारा. एक लाखाची दुचाकी, १० टक्के फ्लॅट, ३ वर्षं. तिथं हिशेब सरळ असतो: तीन वर्षांचं व्याज ३० हजार, एकूण १ लाख ३० हजार, भागिले ३६, म्हणजे हप्ता ३,६११.११. मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर चालू राहतं. `PMT` घटत्या शिलकीवर चालतं, त्यामुळे १० टक्क्यांनी हा हप्ता कधीच येणार नाही. खरा दर उलट बाजूने काढा:

```
=RATE(36,-3611.11,100000)*12
```

उत्तर ०.१७९ असं काही दिसेल, म्हणजे सुमारे १७.९ टक्के. दहा टक्के म्हणून घेतलेल्या कर्जाचा खरा भाव हा. अशा कर्जासाठी पुढचा जादा भरण्याचा तक्ता वापरू नका, कारण मध्येच पैसे भरले तर व्याज किती सोडायचं हे तिथं करारपत्रावर ठरतं, सूत्रावर नाही.

एकूण व्याज

साधा मार्ग म्हणजे हप्ता गुणिले २४०, वजा कर्ज. २५ लाखांवर ते साधारण २७ लाख ७ हजार येतं. घेतलं त्याहून जास्त व्याज, हे बघून अनेकांना सूत्र चुकलं असं वाटतं. चुकलेलं नाही.

सूत्रानेही काढता येतं:

```
=-CUMIPMT(B2/12,B3*12,B1,1,B3*12,0)
```

इथं तीन ठिकाणी अडकायला होतं. शेवटचा `0` सक्तीचा आहे, `PMT` सारखा तो गाळता येत नाही. `1` आणि `B3*12` म्हणजे पहिल्या हप्त्यापासून शेवटच्या हप्त्यापर्यंत. त्याऐवजी `1` आणि `12` लिहिलं तर पहिल्या वर्षाचंच व्याज मिळतं. आणि `#NUM!` आलं तर `B1` बघा. मघाशी चिन्ह सरळ करायला कर्ज उणे लिहिलं होतं ना? `CUMIPMT` ला उणे कर्ज चालत नाही. म्हणून `B1` मध्ये कर्ज अधिकच ठेवायचं आणि उणे चिन्ह सूत्राबाहेर द्यायचं, ही सवय लावून घ्या.

जादा भरलेलं `PMT` ला दिसतच नाही

आता मुख्य तक्रार. `PMT` पहिल्या दिवसाचा हिशेब करतं: इतकं कर्ज, इतका दर, इतके हप्ते, मग हप्ता किती? मध्ये तुम्ही काय भरलं हे सांगायची जागाच त्याच्यात नाही. `CUMIPMT` चंही तेच. बाजूच्या सेलमध्ये २ लाख लिहून ठेवले तरी या दोघांना त्याचा पत्ता नसतो. काही जण मग `B1` मधून २ लाख वजा करून २३ लाखांचा हप्ता काढतात. ते दोन लाख पहिल्याच दिवशी भरल्यासारखं होतं, म्हणून फायद्याचा आकडा खरा येत नाही.

दर महिन्याला ठरलेली जादा रक्कम भरणार असाल तर सूत्र बदला, प्रश्न उलटा करा. हप्ता माहीत आहे, किती हप्ते लागतील? त्यासाठी `NPER`. २१,६९६ वर आणखी २,००० भरायचे ठरवले तर:

```
=NPER(B2/12,-(B4+2000),B1)
```

उत्तर १९४.८९. म्हणजे १९४ पूर्ण हप्ते आणि १९५ वा थोडा लहान. २४० मधून ४५ हप्ते गेले, पावणेचार वर्षं वाचली. एकूण व्याज सुमारे २१ लाख १८ हजारांवर येतं, म्हणजे जवळपास ५ लाख ८९ हजारांची बचत.

इथंही उत्तर उणे ७९.०७ आलं तर घाबरू नका, हप्त्यापुढचं उणे चिन्ह राहिलंय. कर्ज आणि हप्ता दोन्ही अधिक असले की शीटला वाटतं, दोन्हीकडून पैसे तुमच्याकडेच येतायत. `#NUM!` आलं तर मात्र कारण वेगळं. पहिल्या महिन्याचं व्याज १७,७०८ रुपये आहे. हप्ता त्याहून कमी टाकला, समजा १७,५००, तर कर्ज कधीच फिटणार नाही आणि सूत्राकडे उत्तर नसतं. हप्त्याच्या जागी नुसते जादाचे २,००० लिहिले तरी हेच होतं.

उसाच्या बिलासारखी एकरकमी रक्कम असेल तर तक्ताच मांडा

पगारदार माणूस दर महिन्याला दोन हजार जादा भरू शकतो. शेतीचे पैसे तसे येत नाहीत. उसाचं बिल नियमाने ऊस दिल्यापासून १४ दिवसांत यायला हवं. प्रत्यक्षात कधी येतं ते ज्याचा ऊस गेलाय त्यालाच विचारा. त्यामुळे कुठल्याही महिन्यात कितीही रक्कम टाकता यावी असा तक्ता हवा. २४० ओळींचा आहे, पण टाइप करायच्या फक्त दोन.

नवव्या ओळीत मथळे द्या: हप्ता क्रमांक, सुरुवातीची बाकी, व्याज, हप्ता, जादा भरणा, शेवटची बाकी. दहाव्या ओळीपासून हिशेब सुरू:

```
A10:  1
B10:  =B1
C10:  =ROUND(B10*$B$2/12,2)
D10:  =MIN($B$4,B10+C10)
F10:  =MAX(0,B10+C10-D10-E10)
```

`E10` मोकळा सोडा, तो जादा भरण्याचा रकाना आहे. अकराव्या ओळीत फक्त पहिले दोन सेल वेगळे:

```
A11:  =A10+1
B11:  =F10
```

`C`, `D` आणि `F` दहाव्या ओळीतून अकराव्यात ओढा. मग पूर्ण अकरावी ओळ निवडून कोपऱ्यातला ठिपका धरा आणि २४९ व्या ओळीपर्यंत खाली खेचा.

`D` मधलं `MIN` शेवटच्या हप्त्यासाठी आहे: बाकी हप्त्यापेक्षा कमी उरली की तेवढीच घ्यायची. ते नसेल तर कर्ज फिटल्यावरही शीट हप्ते कापत राहते. सूत्रांतली डॉलरची चिन्हंही गाळू नका. `$B$4` ऐवजी `B4` लिहिलं तर खाली ओढताना ते `B5`, `B6` होत सरकतं, आणि `MIN` रिकामा सेल मोजत नसल्याने दुसऱ्याच ओळीत उरलेलं सगळं कर्ज एका हप्त्यात फिटल्यासारखं दिसतं.

पुढे जाण्याआधी पहिल्या दोन ओळी ताडून बघा. पहिल्यात व्याज १७,७०८.३३ आणि शेवटची बाकी २४,९६,०१२.३३. दुसऱ्यात व्याज १७,६८०.०९ आणि बाकी २४,९१,९९६.४२. इतकं जुळलं की खालचं सगळं जुळतं.

आता वर दोन मोकळ्या सेलमध्ये निकाल मांडा:

```
=SUM(C10:C249)
=COUNTIF(D10:D249,">0")
```

पहिल्यात एकूण व्याज, दुसऱ्यात किती हप्ते लागले. जादा काही नसताना २७ लाख ७ हजारांच्या आत-बाहेर आणि २४० दिसलं पाहिजे.

मार्च २०२६ चा हप्ता चोविसावा, म्हणजे ३३ वी ओळ. `F33` मध्ये बाकी सुमारे २३,९६,०८० दिसेल. क्षणभर इथं थांबा. दोन वर्षांत ५ लाख २० हजार ७०४ रुपये भरलेत आणि मुद्दल फिटलंय जेमतेम १ लाख ४ हजार. बाकीचे ४ लाख १७ हजार व्याजात गेले. जादा रक्कम सुरुवातीला भरली तर फायदा मोठा का, ते या एका ओळीत दिसतं.

आता `E33` मध्ये `200000` टाका. बाकी २१,९६,०८० होते, वरचे निकाल क्षणात बदलतात: हप्ते २०३, एकूण व्याज सुमारे २१ लाख. म्हणजे ३७ हप्ते कमी आणि ६ लाख ६ हजार रुपये व्याज वाचलं. भरले दोन लाख, वाचले सहा. अर्थात हे सहा लाख एकदम हातात पडत नाहीत. ते पुढच्या सतरा-अठरा वर्षांत न भरावे लागणारे रुपये आहेत.

निकालाच्या जागी `#VALUE!` आलं तर? बहुतेक वेळा रक्कम मजकूर म्हणून गेलेली असते: `2 लाख` किंवा `2,00,000/-`. गूगल शीट्समध्ये आणि एक्सेलमध्ये मजकूर सेलच्या डाव्या कडेला चिकटतो, आकडा उजव्या. `/-` लावायची सवय पावतीपुस्तकाची आहे. सूत्र त्यावर `#VALUE!` देतं ते चांगलंच, निदान चूक कळते.

शीट म्हणते सहा लाख, बँकेच्या हिशेबात दोन लाखही नाहीत

इथं शीट बरोबर असते आणि बँकही. फरक असतो तो दोन लाख भरल्यावर बँकेने काय केलं त्याचा.

जादा रक्कम आली की बँकेपुढे दोन वाटा असतात. हप्ता तोच ठेवून मुदत कमी करायची, किंवा मुदत तीच ठेवून हप्ता कमी करायचा. आपल्या तक्त्यात पहिली वाट गृहीत धरलीय, कारण `D` रकाना कायम `B4` चाच हप्ता घेतो. बँकेने दुसरी वाट धरली असेल तर तीही मांडून बघता येते. `B5` मध्ये नवा हप्ता काढा:

```
=ROUNDUP(-PMT(B2/12,B3*12-24,F33),0)
```

म्हणजे उरलेले २१६ हप्ते आणि उरलेली बाकी. उत्तर १९,८८५ येतं. आता `D34` मध्ये `=MIN($B$5,B34+C34)` लिहा आणि तिथून खाली ओढा. वरच्या निकालात हप्ते पुन्हा २४०, आणि एकूण व्याज सुमारे २५ लाख १६ हजार. बचत १ लाख ९१ हजार.

तेच दोन लाख, त्याच दिवशी, त्याच कर्जात. एका वाटेने ६ लाख ६ हजार वाचतात, दुसरीने १ लाख ९१ हजार. कारण सोपं आहे: दुसऱ्या वाटेत तुम्ही दर महिन्याला १,८११ रुपये कमी भरताय, म्हणजे जादा भरलेले पैसे हळूहळू परतच घेताय. घरखर्चाला ओढ असेल तर ते चुकीचं नाही. पण व्याज कमी करायला पैसे भरलेत आणि हप्ता खाली आला, तर ज्यासाठी भरलं ते झालंच नाही.

कुठली वाट धरली ते ओळखायला पुढच्या महिन्याचा खातेउतारा पुरेसा आहे. हप्त्याची रक्कम १९ हजारांवर आली असेल तर मुदत तशीच राहिलीय. २१,६९६ च कापले गेले असतील तर मुदत कमी झालीय का ते शाखेतून सुधारित परतफेड तक्ता मागून खात्री करा. पैसे भरतानाच अर्जात ‘हप्ता कायम ठेवून मुदत कमी करावी’ असं स्पष्ट लिहून त्याची पोच घ्यावी. पैसे नुसते कर्ज खात्यात वळते केले तर काही ठिकाणी ते पुढच्या हप्त्यांसाठी आगाऊ जमा म्हणूनही पडून राहतात. उताऱ्यावर बाकी २ लाखांनी उतरली नसेल तर तसंच झालंय समजा.

बँकेकडून व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या दराच्या घरकर्जावर मुदतपूर्व भरण्याचा आकार रिझर्व्ह बँकेच्या नियमाने लागत नाही. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नव्हे तर राज्याच्या सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात, तेव्हा तिथं करारपत्रातलं कलम वाचूनच `E` रकान्यात आकडा टाका.

बाकी जुळते, पण महिन्याचं व्याज वर-खाली होतं

उताऱ्यावर पहिल्या महिन्याचं व्याज १७,७०८ ऐवजी १८,०४८ दिसलं आणि पुढच्या महिन्यात ते खाली आलं, तर बँक दिवसांवर व्याज लावतेय. २५ लाखांवर ३१ दिवसांचं व्याज १८,०४८, ३० दिवसांचं १७,४६६ आणि २८ दिवसांचं १६,३०१. वर्षभरात हे बऱ्यापैकी सपाट होतं, म्हणून निर्णय घ्यायला आपला १२ ने भागलेला तक्ता पुरतो. उताऱ्याशी पैसा न् पैसा ताडायचाच असेल तर `G` रकान्यात त्या-त्या महिन्याचे दिवस लिहा आणि व्याजाचं सूत्र बदला:

```
C10:  =ROUND(B10*$B$2*G10/365,2)
```

दिवसांवर व्याज असेल तर जादा रक्कम कुठल्या तारखेला भरली यालाही किंमत आहे. बिलाचे २ लाख ५ तारखेला न भरता ३० तारखेपर्यंत बचत खात्यात ठेवले, तर २५ दिवसांचं कर्जावरचं व्याज १,१६४ रुपये होतं.

दर बदलला की मात्र तक्ता दुरुस्त करावाच लागतो. अनेकदा दर वाढल्यावर हप्ता तोच राहतो आणि मुदत गुपचूप लांबते. आपल्याच कर्जात, २ लाख भरलेले नाहीत असं धरून, चोविसाव्या हप्त्यानंतर दर ९ टक्के झाला तर:

```
=NPER(9%/12,-21696,2396080)
```

उत्तर २३५.८१. उरलेले २१६ हप्ते आता २३६ झाले, अर्ध्या टक्क्यात वीस हप्ते वाढले. रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं करायचं, हा पर्याय कर्जदाराला द्यावा लागतो. हप्ता वाढवून २१६ वरच थांबायचं असेल तर किती वाढेल ते `PMT` मध्ये ९ टक्के, २१६ आणि आजची बाकी टाकून काढा. तक्त्यात दर बदललेल्या ओळीपासून खाली `$B$2` च्या जागी नव्या दराचा सेल, समजा `$B$6`, द्या. वरच्या ओळींना हात लावू नका, त्यांचं व्याज भरून झालेलं आहे.